ॲसिटेट बफरची सरळ रेषा: चढ ०.९६ का आला?

प्रकल्पाचा विषय एका ओळीत मावणारा होता. ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट यांची वेगवेगळ्या प्रमाणांत मिश्रणं करायची, प्रत्येकाचा पीएच मोजायचा आणि पीएच विरुद्ध प्रमाणाचा लॉग असा आलेख काढून हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण पडताळायचं. वाचताना वाटतं, एका दुपारचं काम आहे. प्रत्यक्षात रसायनांचं मागणीपत्र भरल्यापासून वहीवर शेवटची सही होईपर्यंत जवळजवळ अख्खं सत्र गेलं. मधे एक टप्पा असा आला की सगळं काळजीपूर्वक करूनही उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हतं, आणि ते का जुळत नाही हे सलग कुठे वाचायला मिळत नव्हतं. ज्यांच्या वाट्याला हाच प्रयोग येईल त्यांना त्या टप्प्यावर फार वेळ अडकून पडावं लागू नये, म्हणून क्रमाने लिहिते.

आधी समीकरण. लॉरेन्स हेंडरसनने १९०८ मध्ये रक्तातल्या कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेटच्या संदर्भात हायड्रोजन आयनांची संहती आम्ल आणि त्याच्या क्षाराच्या प्रमाणावर कशी ठरते ते मांडलं. १९०९ मध्ये सोरेन्सनने पीएचची मोजपट्टी दिली. मग कार्ल हॅसलबाल्कने हेंडरसनचं सूत्र लॉगच्या रूपात लिहिलं, आणि तेच आज सगळीकडे शिकवलं जातं:

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

इथे A- म्हणजे आपला ॲसिटेट आयन, HA म्हणजे विघटन न झालेलं ॲसिटिक आम्ल. मला लॉगची भीती होती, हे खरं. पण कागदावर पाहिलं तर ही शाळेतल्या सरळ रेषेचीच ओळ आहे. आडव्या अक्षावर लॉग घेतला आणि उभ्यावर पीएच, तर रेषेचा चढ नेमका १ यायला हवा. आणि आम्ल व आम्लारी समसमान असतील तिथे लॉग शून्य होतो, म्हणून रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा पीकेए. ॲसिटिक आम्लासाठी २५ अंश सेल्सिअसला पुस्तकात ४.७६ दिलेला आहे. म्हणजे पडताळायच्या गोष्टी दोनच: चढ १ येतो का, आणि छेद ४.७६ येतो का.

जानेवारीत मागणीपत्र भरलं. त्यावर मार्गदर्शक मॅडमची सही, मग प्रयोगशाळा प्रमुखांची, मग भांडारात नोंद, असा प्रवास होता. इथे एक सूचना जरूर ऐका. नुसतं 'सोडियम ॲसिटेट' लिहू नका. ते दोन रूपांत मिळतं: निर्जल, ज्याचं रेणुवस्तुमान ८२.०३ आहे, आणि तीन पाण्याच्या रेणूंसकट येणारं ट्रायहायड्रेट, ज्याचं १३६.०८. एकाचं वजन दुसऱ्याच्या हिशोबाने घेतलं तर द्रावण दीडपटीहून जास्त चुकतं, आणि डोळ्यांना दोन्ही पांढरीच दिसतात. मी ट्रायहायड्रेट असं रेणुवस्तुमानासकट लिहिलं होतं. भांडारातल्या मामांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि उत्तर कागदावर असल्याने पत्र परत आलं नाही. ग्लेशियल ॲसिटिक आम्लासाठी वेगळा सुरक्षा तक्ता जोडावा लागला. त्याची वाफ नाका-डोळ्यांना झोंबते आणि कातडीवर पडलं तर भाजतं, म्हणून ते फ्यूम हूडखालीच उघडायचं. हूड वापरायच्या वहीत माझ्या आधी बरीच नावं होती, त्यामुळे पहिला खरा खोळंबा तिथे झाला.

ती वाट पाहताना आकडेमोड करून ठेवली. ग्लेशियल आम्ल साधारण १७.४ मोलर असतं, म्हणजे एक लिटर ०.१ मोलर द्रावणाला सुमारे ५.७ मिलिलिटर लागतं. पण एवढं दाट आणि वाफ होणारं द्रव पिपेटने मोजून त्यावर 'बरोबर ०.१ मोलर' अशी चिठ्ठी लावता येत नाही. करून झाल्यावर त्याची खरी संहती सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करूनच कळते. आणि सोडियम हायड्रॉक्साइड स्वतःही भरवशाचं नाही, ते हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. म्हणून आधी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने त्याची संहती पक्की करायची, मग त्याने आम्लाची. ही साखळी कंटाळवाणी आहे, पण पुढचा प्रत्येक आकडा तिच्यावर उभा असतो. पाणीही उकळून, झाकून थंड केलेलं वापरलं, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग टिकला त्या वाचनांच्या सरासरीवरून आम्ल ०.०९८६ मोलर निघालं. आता ते घासूनपुसून ०.१ करायचं की काय, हा प्रश्न घेऊन मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ल आहे तसं राहू दे. क्षार त्याच्या मापाचा कर." म्हणजे सोडियम ॲसिटेटही ०.०९८६ मोलर करायचं. एक लिटरला १३.६१ ग्रॅमऐवजी १३.४२ ग्रॅम. दोन्ही द्रावणं तंतोतंत सारख्या ताकदीची झाली की संहतींचं गुणोत्तर म्हणजे सरळ मिलिलिटरांचं गुणोत्तर. ५ मिलिलिटर क्षार आणि ४५ मिलिलिटर आम्ल, तर प्रमाण १ ला ९. हिशोबातली अर्धी भानगड तिथेच संपली. ही युक्ती मी पुढेही सोडणार नाही.

मग पीएच मीटर. काचेचा इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवलेला असतो. तो काढून, धुऊन, टिशूने नुसता टिपायचा. घासला तर काचेवर स्थिर विद्युत साठते आणि आकडा भटकत राहतो. मीटर ४.०१ आणि ६.८६ या दोन प्रमाण बफरांवर लावून घेतलं, कारण माझी सगळी वाचनं साधारण त्याच टापूत येणार होती. आदर्श इलेक्ट्रोड २५ अंशांना पीएचच्या एका एककाला ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. आमचा ५७.८ देत होता, म्हणजे सुमारे ९८ टक्के, आणि तेवढं चालतं. मीटर ती उणीव लावून घेतानाच भरून काढतं. द्रावणं २५ अंशांच्या पाण्यात ठेवून मोजली. प्रत्येक वाचनाला आकडा स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं. पहिल्या क्षणी दिसतो तो आकडा लिहायचा मोह होतो, पण तो जवळजवळ नेहमीच अजून सरकत असतो.

पहिली मालिका सात मिश्रणांची होती, प्रत्येकी ५० मिलिलिटर, ब्युरेटने मोजलेली. १ ला ९ या आम्लाकडच्या टोकाला पीएच आला ३.७७. समसमान मिश्रणाला ४.६७. ९ ला १ या क्षाराकडच्या टोकाला ५.६१. आलेखावर सातही बिंदू एका रेषेत बसले, इतके सुरेख की फूटपट्टी ठेवली आणि मन भरून आलं. मग चढ काढला: ०.९६४. छेद: ४.६८.

रेषा सरळ होती, पण ती वेगळ्याच चढाची आणि वेगळ्याच छेदाची होती. ४.७६ आणि ४.६८ मधला फरक मीटरच्या चुकीत मोडण्याइतका लहान नव्हता. समसमान मिश्रणात तर लॉग शून्यच आहे. तिथे प्रमाण मोजण्यातल्या चुकीला वाव जवळजवळ उरतच नाही, तरी ०.०९ चा फरक. मालिका पुन्हा केली, नव्याने द्रावणं मोजून. आकडे दुसऱ्या दशांश स्थळात एखाद्या अंकाने इकडेतिकडे झाले, रेषा तीच. त्या संध्याकाळी खरंच निराश झाले. चूक सापडली असती तर सुधारता आली असती. इथे सगळं जागच्या जागी होतं आणि तरी उत्तर वेगळं.

संशय एकेक करून बाजूला काढत गेले. मीटर बिघडलंय का? मालिका संपल्यावर दोन्ही प्रमाण बफर पुन्हा वाचून पाहिले. ४.०१ आणि ६.८६ जसेच्या तसे आले, म्हणजे वाचनाच्या काळात मीटर सरकलं नव्हतं. मग आकारमान मोजण्यातली चूक? इथे लॉगने एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. प्रमाण १० टक्क्यांनी चुकलं तर १.१ चा लॉग घ्यायचा, तो ०.०४ आहे. म्हणजे ०.०९ चा फरक पडायला माझं प्रमाण वीसेक टक्क्यांनी चुकायला हवं होतं. ब्युरेटवर एवढी चूक डोळे मिटूनही होणार नाही. हेच उलट बाजूनेही लक्षात ठेवण्यासारखं आहे: पीएच ०.०१ पर्यंत बरोबर हवा असेल तर प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या आत बरोबर हवं. लॉग मोठ्या चुकाही लहान करून दाखवतो, म्हणून पीएच 'बराच जवळ' आला एवढ्यावर प्रमाण बरोबर आहे असं मानता येत नाही.

वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी आलेख बाजूला ठेवला आणि एक नवा स्तंभ आखायला सांगितला: ४.७६ धरून समीकरणाने येणारा पीएच वजा मोजलेला पीएच. "फरक किती आहे ते सोड. तो कुठे वाढतोय आणि कशाबरोबर वाढतोय ते बघ."

स्तंभ भरला. आम्लाकडच्या टोकाला समीकरण ३.८१ म्हणतं, मोजलेला ३.७७, फरक ०.०४. मधोमध ०.०९. क्षाराकडच्या टोकाला ५.७१ वजा ५.६१, म्हणजे ०.१०. फरक सगळीकडे एकाच दिशेचा होता आणि सोडियम ॲसिटेट वाढत जाईल तसा वाढत होता. आम्ल कमी होत होतं, क्षार वाढत होता, म्हणजेच द्रावणातले आयन वाढत होते. ॲसिटिक आम्लाचा बहुतेक भाग विघटन न होता रेणूंच्या रूपात असतो, त्यावर विद्युतभार नसतो. सोडियम ॲसिटेट मात्र पूर्णपणे आयनांत फुटतं. १ ला ९ मिश्रणात आयनांची संहती जेमतेम ०.०१ मोलर, ९ ला १ मध्ये ०.०९. मी एकाच बफरची सात रूपं मोजतेय असं समजत होते, पण आयनांच्या दृष्टीने ती सात वेगळी पाणी होती.

आता कारण. समीकरणात आपण संहती लिहितो, पण समतोलाला कळते ती ॲक्टिव्हिटी, म्हणजे त्या कणाची परिणामकारक संहती. विद्युतभार असलेल्या प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांची किंचित जास्त गर्दी जमते. त्या गर्दीमुळे आयन थोडा स्थिरावतो आणि त्याची परिणामकारक संहती खऱ्या संहतीपेक्षा कमी पडते. द्रावणात आयन जितके जास्त, तितकी ही घट जास्त. १९२३ मध्ये डिबाय आणि हकेल यांनी या घटीचा हिशोब मांडला. आमच्या प्रयोगाच्या टापूत वापरता येईल असं त्याचं सुधारित सूत्र डेव्हिसच्या नावाने ओळखलं जातं. द्रावणातल्या सगळ्या आयनांची संहती आणि भार मिळून जे माप येतं त्याला आयनी तीव्रता म्हणतात. एकपट भार असलेल्या आयनासाठी ०.१ मोलर आयनी तीव्रतेला या घटीचा लॉग सुमारे ०.११ येतो, ०.०५ ला साधारण ०.०९, ०.०१ ला ०.०४ ते ०.०५.

आता समीकरणाकडे परत बघा. वर ॲसिटेट आहे, त्यावर भार आहे, त्याची परिणामकारक संहती घटते. खाली ॲसिटिक आम्ल आहे, त्यावर भार नाही, ते जवळजवळ होतं तसंच राहतं. गुणोत्तरातला वरचाच भाग घटला, म्हणून पीएच घटतो. ४.७६ वजा ०.०९ म्हणजे ४.६७. समसमान मिश्रणाचा मोजलेला आकडा नेमका हाच होता. तो क्षण मला आजही स्पष्ट आठवतो. चुकीचा वाटणारा आकडा आधीच सांगता येण्यासारखा निघाला, आणि तोही दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत. पुस्तकातला ४.७६ हा आयन अत्यंत विरळ असताना लागू पडणारा पीकेए आहे. रोजच्या बफरमध्ये तो तसा कधीच भेटत नाही.

कागदावरचं स्पष्टीकरण पटलं, पण ते तपासून पाहायचं होतं. आयनांची संख्याच फरकाला कारण असेल, तर सातही मिश्रणांत ती सारखी ठेवली की चढ १ कडे यायला हवा. सारखी ठेवायची कशी? प्रत्येक फ्लास्कमध्ये वेगळं मोजून मीठ घालणं शक्य होतं, पण त्यात सात वजनं आणि सात नव्या चुका. मॅडमनी सुचवलेला मार्ग फार सुटसुटीत होता. मीठ आम्लाच्या साठ्यातच घालायचं. ॲसिटिक आम्लाचं द्रावण असं करायचं की त्यात ०.०९८६ मोलर सोडियम क्लोराइडही असेल. मग एका बाटलीत ०.०९८६ मोलर सोडियम ॲसिटेट, दुसरीत आम्लासोबत तेवढंच सोडियम क्लोराइड. कुठल्याही प्रमाणात मिसळा, एकूण आयनी तीव्रता तीच राहते, कारण जेवढं ॲसिटेट कमी घालाल तेवढं क्लोराइड आपोआप जास्त जातं. क्लोराइड समतोलात भाग घेत नाही, ते फक्त गर्दीत उभं असतं.

सोडियम क्लोराइडसाठी पुन्हा सह्या घ्याव्या लागल्या, पण ते भांडारात होतंच. एकदा मंजूर झालेल्या प्रकल्पात नवीन रसायन जोडताना जुन्या मागणीपत्राचा क्रमांक लिहिला तर सगळी फाइल पुन्हा फिरत नाही, एवढं ध्यानात ठेवा. १.४४ ग्रॅम मीठ २५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घेतलं आणि खुणेपर्यंत आम्लाचा साठाच भरला.

दुसरी मालिका सुरू केली तेव्हा हात थरथरत होते. सगळ्यात जास्त उत्सुकता १ ला ९ मिश्रणाची होती, कारण पहिल्या मालिकेत तिथेच आयन सगळ्यात कमी होते, म्हणजे आता मीठ घातल्यावर सगळ्यात मोठा बदल तिथेच दिसायला हवा. इलेक्ट्रोड बुडवला. आकडा ३.७७ च्या खाली उतरला, ३.७३, ३.७२, आणि ३.७१ वर थांबला. आम्ल तेवढंच, ॲसिटेट तेवढंच, फक्त कशातच भाग न घेणारं मीठ आलं होतं, आणि पीएच ०.०६ ने हलला होता. समसमान मिश्रणाला ४.६५. क्षाराच्या टोकाला ५.६०, जिथे मुळातच आयन भरपूर होते आणि जवळजवळ काहीच बदललं नाही. चढ आला ०.९९३, छेद ४.६५.

उरलेला ०.००७ सुद्धा सोडवत नव्हता. तो आम्लाच्या टोकाचा आहे. आपण गुणोत्तरात जे मिलिलिटर घालतो ते आपण ओतलेलं आम्ल आणि ओतलेला क्षार असतात. पण आम्ल स्वतःही किंचित फुटतं. ३.७१ पीएचला मुक्त हायड्रोजन आयन साधारण ०.०००२५ मोलर असतात. तेवढंच ॲसिटेट आम्लातून नव्याने तयार झालेलं असतं आणि ओतलेल्या ०.०१ मोलरशी तुलना केली तर ते अडीच टक्के होतं. गुणोत्तरात ही भर धरून पुन्हा रेषा काढली तर चढ १.०० येतो. इथेच समीकरणाच्या वापराची एक मर्यादाही दिसते. हाच प्रयोग शंभरपट विरळ, ०.००१ मोलर द्रावणांनी केला असता, तर १ ला ९ मिश्रणाला सूत्र ३.८ सांगतं, पण नीट समीकरण सोडवलं तर उत्तर ४.१ च्या आसपास येतं. तिथे आम्लातून फुटून येणारं ॲसिटेट ओतलेल्या ॲसिटेटच्या तोडीचं होतं आणि आपण लिहिलेलं गुणोत्तर द्रावणात उरतच नाही. म्हणून बफर फार विरळ असेल, किंवा पीएच फार आम्लाकडे असेल, तर मिलिलिटरांवर विसंबू नये.

मॅडमनी शेवटी एक परीक्षा घेतली, आणि मला वाटतं प्रकल्पाचा सगळ्यात उपयोगी भाग तोच. आलेख बंद करून त्या म्हणाल्या, "आता मला ५.०० पीएचचा बफर करून दे, मीटर न बघता." पुस्तकातला ४.७६ धरला असता तर गुणोत्तर १० चा ०.२४ वा घात, म्हणजे १.७४ आलं असतं, आणि ५० मिलिलिटरला ३१.७ मिलिलिटर क्षार. आपल्या मिठासहित द्रावणात मोजलेला ४.६५ धरला तर घातांक ०.३५, गुणोत्तर २.२४, क्षार ३४.६ मिलिलिटर आणि आम्ल १५.४. दुसऱ्या आकड्यांनी मिसळलं आणि मग मीटर लावलं: ४.९९. उत्सुकतेपोटी पहिल्या आकड्यांचंही मिश्रण करून पाहिलं. ते ४.८९ निघालं, जेवढं चुकायला हवं होतं तेवढंच चुकलेलं.

याच वेळी बफर किती आम्ल झेलतो तेही पाहून घेतलं. समसमान मिश्रणाच्या ५० मिलिलिटरमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिलिलिटर घातलं, तर पीएच ०.०३ ते ०.०४ ने उतरला. १ ला ९ मिश्रणात तेवढंच आम्ल घातलं तर जवळजवळ ०.१ ने. साध्या पाण्यात तेवढ्याच आम्लाने पीएच थेट २.७ वर गेला. लॉगच्या आलेखावर हे दिसत नाही, कारण रेषा सगळीकडे सारखीच चढते. पण गुणोत्तर १ च्या आसपास असताना थोडं ॲसिटेट खर्च झालं तरी गुणोत्तर फारसं हलत नाही, टोकाला मात्र मुळातच थोडं असतं, त्यातलं थोडं गेलं की गुणोत्तर पुष्कळ बदलतं. बफर निवडताना त्याचा पीकेए हव्या असलेल्या पीएचच्या एका एककाच्या आत असावा असं सांगतात, त्याचं कारण हेच.

वही तपासायला दिली तेव्हा निष्कर्षात 'पीकेए ४.६५' इतकंच लिहून चाललं नाही. मॅडमनी त्यापुढे तापमान २५ अंश आणि आयनी तीव्रता ०.१ मोलर हे दोन्ही लिहायला लावलं, आणि द्रावणांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरही तेच, तारखेसकट. त्याचं महत्त्व फॉस्फेटने कळलं. पुढच्या गटाचा प्रकल्प फॉस्फेट बफरचा आहे आणि त्यांनी माझी वही मागितली. त्यांच्या समीकरणात वर दोन ऋणभारांचा आयन आहे आणि खाली एका भाराचा. घटीचा लॉग भाराच्या वर्गाने वाढतो, म्हणून वरचा चारपट घटतो आणि खालचा एकपट, आणि एकूण फरक माझ्या ॲसिटेटच्या तिप्पट. पुस्तकात त्यांना ७.२० दिसेल, आणि ०.१ मोलर आयनी तीव्रतेला मीटर ६.८ ते ६.९ च्या दरम्यान थांबेल. त्यांच्या बाबतीत साठ्याची बाटली दहापट पातळ केली तरी गुणोत्तर न बदलता पीएच ठळकपणे वर चढतो. त्यांना मी आम्लाच्या साठ्यात मीठ घालायची युक्ती सांगितली आहे, पण ती त्यांच्याकडे थोडी बदलून करावी लागेल, कारण त्यांच्या दोन्ही बाटल्यांतल्या क्षारांचीच आयनी तीव्रता वेगळी आहे. ०.१ मोलर डायसोडियम फॉस्फेटची ०.३ आणि तेवढ्याच मोनोसोडियमची ०.१. तो ०.२ चा फरक मोनोसोडियमच्या बाटलीत मीठ घालून भरून काढायचा आणि मगच मिसळायला घ्यायचं.